नवरीची व्हीलचेअर

गुरुग्रामच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात मी तिकिटं काढते, आणि माझ्याकडे येतात ती बहुतेक कंपन्यांच्या साहेबांची तिकिटं. दुपारी मुंबई, संध्याकाळी परत, खिडकी नको, जेवण नको. अशा तिकिटांची आठवण राहत नाही. राहिली ती एका मावशींच्या तिकिटाची.

मावशी मूळच्या नागपूरच्या. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या आणि दिल्लीत द्वारकेतल्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या. वय सदुसष्ट. धाकट्या भावंडांची शिक्षणं, त्यांची लग्नं यात स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार होता. रात्री झोपताना आणि चालल्यावर ऑक्सिजन लागायचा, बसल्या जागी मात्र ठणठणीत बोलायच्या. आमची ओळख कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातली. तिथल्या कँटीनमध्ये आम्ही अधूनमधून मिसळ खायला भेटायचो.

त्या दिवशी मिसळ येण्याआधीच त्या म्हणाल्या, "अगं, मला नागपूरचं तिकीट हवंय. येत्या महिन्यात."

"जायचंय कशाला?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

त्या पाणी प्यायल्या, त्यांनी ग्लास खाली ठेवला, आणि नवी नोकरी लागल्याचं सांगावं तशा स्वरात म्हणाल्या, "माझ्या."

मी इतक्या जोरात "अय्या!" म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्या दोन अधिकाऱ्यांनी वळून पाहिलं. नवरदेव नागपूरचे, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. वय सत्तर. तरुणपणी एकाच अभ्यासिकेत बसायचे दोघं. मग प्राध्यापकांचं दुसरीकडे लग्न झालं, संसार झाला, बायको गेली. दोन वर्षांपूर्वी फोन सुरू झाले. आता त्यांची आई ब्याण्णव वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, आणि तिची एकच इच्छा होती, की लेकाचं हे लग्न आपल्या डोळ्यांदेखत व्हावं.

"म्हणजे त्यांना इकडे बोलावता येत नाही," मावशी म्हणाल्या. "आणि ट्रेनमध्ये एवढे तास मला झेपणार नाही. तेव्हा आता तूच काय ते कर."

करायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं, म्हणून मी लगेच हो म्हणाले नाही. घरचा ऑक्सिजनचा सिलिंडर विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारं, हवेतूनच ऑक्सिजन गोळा करणारं छोटं यंत्र नेता येतं, तेही कंपनीला मान्य असलेल्या मॉडेलचं. बॅटऱ्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट तरी चालायला हव्यात. आणि डॉक्टरांनी भरलेला एक लांबलचक फॉर्म विमान कंपनीच्या वैद्यकीय विभागाने मंजूर करायला हवा. शिवाय एकटीला जाऊ देणार नाहीत, सोबत कुणी तरी लागेल.

"कुणी तरी कशाला? तू आहेस ना," मावशी म्हणाल्या.

मी चौदा वर्षं लोकांना विमानात बसवतेय. नवरीला घेऊन जायची वेळ कधी आली नव्हती. मी हसत सुटले, आणि मिसळ येईपर्यंत आम्ही दोघी हसतच होतो.

यंत्र भाड्याने मिळालं. पुढे डॉक्टर. ते छातीच्या विकारांचे, सरकारी रुग्णालयातले, कपाळाला आठ्या घातलेले गंभीर गृहस्थ. त्यांनी मावशींच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा आला ब्याऐंशी. डॉक्टरांच्या आठ्या आणखी खोल गेल्या. मावशी निवांत.

"मैडम, आप ठीक हैं?"

"बिल्कुल ठीक हूँ."

डॉक्टरांनी बोट उचलून जवळून पाहिलं. नखांवर गडद जांभळं नेलपॉलिश!

"ये कब से लगाने लगीं आप?"

"आज सुबह से," मावशी लाजून म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा लावलं होतं, असं नंतर मला सांगितलं.

नर्सबाईंनी कापूस आणि रिमूव्हर आणलं, एका बोटाचं नेलपॉलिश पुसलं, आणि आकडा झाला त्र्याण्णव. मग डॉक्टर म्हणाले, जमिनीवर त्र्याण्णव ठीक आहे, पण विमानात आतली हवा विरळ असते, सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखी, तिथे हा आकडा उतरणार. "जाना ज़रूरी है?"

"लग्न आहे," मी मराठीतच बोलून गेले.

"किसकी शादी?"

मावशींनी स्वतःकडे बोट केलं, ते पॉलिश पुसलेलंच. डॉक्टरांनी चष्मा काढला. आठ्यांचा पत्ताच नाही. आणि म्हणाले, "तो फिर टेस्ट कर लेते हैं." त्यांनी मावशींना रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. नर्सबाई घड्याळ घेऊन बरोबर, मी मागून त्यांची पर्स धरून. बाकावर बसलेले पेशंट पाहत होते. फॉर्म भरून, सही-शिक्का घेऊन आम्ही घरी आलो. मी तो लगोलग विमान कंपनीला ईमेल केला आणि व्हीलचेअर मागितली.

व्हीलचेअरचेही प्रकार असतात. एक, लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात. दुसरा, पायऱ्या अजिबात चढता येत नाहीत. तिसरा, सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. मावशींनी मला पहिला नोंदवायला सांगितला होता, "मी काही इतकी अपंग नाही." मी दुसरा नोंदवला. विमान लांब उभं असलं आणि शिडी लागली तर?

तीन दिवसांनी फॉर्म परत आला. नामंजूर नव्हता, अपुरा होता. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर, सतत, असं लिहिलं होतं. आणि आमचं यंत्र सतत ऑक्सिजन देतच नाही. नाकाने श्वास आत ओढला की तेवढ्यापुरता एक झोत सोडतं, आणि त्याच्यावर लिटर नसतात, एक ते पाच असे आकडे असतात. कितव्या आकड्यावर मावशींचा ऑक्सिजन टिकतो, ते डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं, असं विमान कंपनी म्हणत होती. म्हणणं चुकीचं नव्हतं, पण उड्डाणाला पाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅब, पुन्हा तोच व्हरांडा. या वेळी मावशींच्या खांद्यावर यंत्र, नाकात नळी. दोनवर चालल्या, तर आकडा घसरायला लागला. तीनवर चालल्या, टिकला. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात एका आजींनी बाकावरून विचारलं, "बेटी, कहाँ जा रही हो?" मावशी म्हणाल्या, "ससुराल!" आणि त्यांना हसू फुटलं. हसताना तोंडाने श्वास. यंत्राला नाकातला श्वास सापडेना, ते टूं टूं करून ओरडायला लागलं. त्या आवाजाने मावशींना आणखी हसू, मलाही, नर्सबाईंनाही. घड्याळ बाजूला राहिलं. डॉक्टर दारातून बाहेर आले.

"मैडम, नाक से साँस लीजिए! प्लेन में हँसना मना है."

पण फॉर्मवर तीन लिहून सही करताना त्यांचंही तोंड हसरंच होतं.

मंजुरीचं ईमेल उड्डाणाच्या आदल्या दिवशी सकाळी आलं. मी ऑफिसातच खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीने विचारलं, "क्या हुआ, प्रमोशन?" मी म्हटलं, "शादी हो रही है." ती बिचारी माझं अभिनंदन करायला लागली. मीही करून घेतलं.

मंजुरीच्या पत्राच्या चार प्रती काढल्या. यंत्र, दोन बॅटऱ्या, चार्जर, सगळं हातातल्या बॅगेत. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी. आणि मावशींचं नेलपॉलिश सगळ्या बोटांवर परत, एक बोट सोडून.

विमानतळावर व्हीलचेअर दारातच तयार होती. सुरक्षा तपासणीत महिला जवानाने यंत्राकडे बोट करून विचारलं, हे काय? मी पत्र पुढे केलं. तिने वाचलं, यंत्र वेगळं तपासलं, मावशींना हळूच उभं करून तपासलं, आणि बॅगेतली पांढरी साडी पाहून म्हणाली, "फंक्शन है?" मावशी म्हणाल्या, "दुल्हन हूँ." जवानाने खाडकन सॅल्यूट ठोकला. खरा सॅल्यूट! मावशींनी बसल्या बसल्या तो घेतला, एवढी वर्षं सरकारी नोकरी केल्यावर घेतात तसा.

आणि विमान खरोखरच लांब उभं होतं, शिडी लावलेलं. मी दुसरा प्रकार नोंदवला म्हणून उचलणारी गाडी आली. व्हीलचेअरसकट आम्हाला एका खोलीसारख्या डब्यात घेतलं, आणि तो डबा हळूहळू वर, विमानाच्या दारापर्यंत. खाली उभी विमानं, सामानाच्या गाड्या, सकाळचं धुरकट ऊन. मावशींनी माझा हात घट्ट धरला. "यार, मी तर हेलिकॉप्टरनेच चालले," म्हणाल्या.

खिडकीची सीट त्यांची, कारण नळी कुणाच्या वाटेत यायला नको. यंत्र पुढच्या सीटखाली. विमान वर गेलं तसा मी चिमटा लावून आकडा पाहत राहिले. ब्याण्णव, एक्याण्णव, परत ब्याण्णव. मावशी पावणेदोन तास नाकाने श्वास घेत, ओठ घट्ट मिटून, खिडकीबाहेर पाहत बसल्या. एकदाच त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, डोळ्यांत हसू काठोकाठ भरलेलं, आणि मी घाईघाईने मान फिरवली. मी हसले असते तर त्या हसल्या असत्या, आणि यंत्राने सगळ्या विमानाला सांगितलं असतं.

नागपूरला नवरदेव, म्हणजे प्राध्यापक सर, बाहेर उभे होते, पांढरा शर्ट, हातात मोगऱ्याचा गजरा. दोघांनी एकमेकांना "जय भीम" म्हटलं आणि सरांनी गजरा मावशींच्या मांडीवर ठेवला. मग मला विचारलं, "बॅटरी किती उरलीय?" गणिताचा माणूस.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांच्या आईच्या खोलीत. पलंगाला लागूनच बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, उदबत्ती मात्र लावली नाही, मावशींच्या श्वासासाठी. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील म्हणवून घेतलं. मावशी पांढऱ्या साडीत खुर्चीवर, नाकात नळी, यंत्र पायाशी. हार घालून झाले. मग मावशी सासूबाईंच्या पलंगापाशी वाकल्या. म्हातारीला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिने सुनेच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कपाळ, गाल, मग नाक. नळीला बोट लागलं.

"हे काय गं? नथ आहे?"

मावशी म्हणाल्या, "हो आई. दिल्लीची आहे."

"वजनाला हलकी दिसते," म्हातारी समाधानाने म्हणाली आणि तिने नळीवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मी तोंडावर पदर धरून खोलीबाहेर पडले. माझ्यामागून सरही आले. आम्ही दोघं व्हरांड्यात भिंतीला टेकून डोळे पुसत हसत राहिलो, आणि आतून यंत्राचा टूं टूं आवाज येत होता.