मायन्यापाशी अडलेलं पत्र

ग्रॅज्युएट ऑफिसचं पत्र सोमवारी आलं. मी तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरात भेंडी पुसत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत राहत होते, ते काका-काकू मूळचे नागपूरचे. नात्याचे कोणी नव्हते, पण वर्षभरात मी त्यांच्या घरातलीच झाले होते. पत्र वाचून मी ते तसंच भेंडीशेजारी ठेवलं. काकूंनी हात पुसले आणि न विचारता उचललं.

मजकूर लहान होता. सलग दुसऱ्या सत्रात माझ्या गुणांची सरासरी चारपैकी तीनच्या खाली गेल्यामुळे मला एम.एस.च्या अभ्यासक्रमातून काढण्यात येत होतं. अपील करायचं असेल तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ईमेलने, समितीच्या पत्त्यावर. अपिलात दोन गोष्टी सांगायच्या होत्या: असं का झालं, आणि आता काय वेगळं करणार. माझा व्हिसा विद्यार्थ्याचा होता. कॉलेज सुटलं की अमेरिकाही सुटणार होती. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी परत जाऊन काय सांगणार, याचा विचार मी त्या आठवड्यात मुद्दाम करत नव्हते.

असं का झालं, ते मला ठाऊक होतं. सांगायची लाज वाटत होती.

पहिल्या सत्राच्या सुरुवातीला मी आमच्या विभागप्रमुखांना ईमेल लिहिली होती. नावावरून मला तो पुरुष वाटला. शाळेपासून हात बसलेला होता, त्याप्रमाणे ‘रिस्पेक्टेड सर’ असा मायना घातला. उत्तर आलं, अगदी नीट, मुद्द्याचं. दोन दिवसांनी नव्या विद्यार्थ्यांच्या सभेत विभागप्रमुख म्हणून एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उठून उभी राहिली. ती मला एका शब्दाने काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून माझं लिहिणंच थांबलं.

सांख्यिकीच्या कोर्सला शंका विचारायला एकच ईमेल पत्ता होता. तो प्राध्यापक वाचत की त्यांचे मदतनीस विद्यार्थी, आणि त्यातलं कोण, कळायला मार्ग नव्हता. मी शंका लिहायचे. तीन-तीन परिच्छेद, आकडेमोडीसकट. मग वर जाऊन मायना लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. सर? मॅडम? दोन्ही? शेवटी ईमेल तशीच ठेवून द्यायचे. माझ्या मसुद्यांच्या फोल्डरमध्ये अशा अकरा ईमेल पडून होत्या. त्यातली एकही गेली नाही, आणि दोन्ही सत्रांत माझे गुण घसरले ते अशाच न विचारलेल्या शंकांवर.

हे कोणाला हास्यास्पद वाटेल. पण माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आणि त्यांना कुठलाही अर्ज करायचा झाला की ते तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे जात. मला बरोबर नेत, मी वाचून खात्री करावी म्हणून. तो माणूस मजकुराला दोन मिनिटं घ्यायचा आणि मायन्याला पाच. कोणाला ‘मेहेरबान’, कोणाला ‘माननीय’, कोणाच्या ‘सेवेशी’. वडील घरी येताना म्हणत, मायना चुकला की अर्ज मेला. मी ते खरं मानून मोठी झाले.

मंगळवारी आणि बुधवारी मी अपील लिहिलं. वरती ‘रिस्पेक्टेड सर्स’ लिहिलं होतं, कारण समिती म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे टेबलामागे बसलेले पाच पुरुषच येत. मग ते मला खटकायला लागलं. बुधवारी संध्याकाळी जेवताना मी विचारलं, समितीला कसं लिहायचं. काकांनी पोळीचा घास थांबवून सांगितलं, सरळ ‘मायबाप सरकार’ लिही, हमखास काम होतं. त्यांची इथेच जन्मलेली मुलगी हायस्कूलमध्ये होती. तिने मान वर न करता सुचवलं, “जस्ट से हाय.”

काकू हसल्या नाहीत. त्या एका हॉस्पिटलच्या नोकरभरतीच्या ऑफिसात होत्या. आलेले अर्ज उघडायचे, वाचायचे आणि ज्या त्या विभागाकडे पाठवायचे, हे त्यांचं रोजचं काम होतं.

“मला दिवसाला दहा लोक सर म्हणतात,” त्या म्हणाल्या. “त्यातले आठ आपले. तेरा वर्षं झाली, मी अजून सर काही झाले नाही.”

मी विचारलं, मग ‘सर ऑर मॅडम’ लिहू का.

“लिहिलं तर कोणी फाशी देत नाही. पण त्यातून काय कळतं? की तुला माहीत नाही मी कोण आहे. अगं, माणूस माहीत नसेल तर काम तर माहीत आहे ना? मला जे ‘डिअर हायरिंग मॅनेजर’ लिहितात, ते मला ओळखत नाहीत, पण मी काय करते ते ओळखतात. तुझ्या लोकांचं काम काय?”

“अपील ऐकणं.”

“मग तेच लिही. समितीचं पूर्ण नाव पत्रात आहे. डिअर मेंबर्स ऑफ द, आणि पुढे ते नाव. झालं.”

मी म्हटलं, इतकं साधं असतं तर. काकू म्हणाल्या, साधंच असतं, तुझ्याइतकं अवघड कोणी करत नाही. मग ताट उचलता उचलता त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एका माणसाला लिहायचं असेल आणि बाई की पुरुष हे कळत नसेल, तर मिस्टर-मिस काही न लावता पूर्ण नाव लिहायचं. प्राध्यापक असेल तर प्रोफेसर आणि आडनाव, त्यात बाई-पुरुष येतच नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. त्यांची मुलगी माझ्याकडे बघत राहिली, बहुधा मला वेड लागलं असं समजून.

गुरुवारी मी अपील पुन्हा लिहिलं. आधीच्या मसुद्यात आजारपण आणि नवा देश असं गुळमुळीत काहीतरी होतं. ते काढलं. अकरा न पाठवलेल्या ईमेलबद्दल लिहिलं. मला सुरुवात कशी करायची ते कळत नव्हतं म्हणून मी मदत मागितली नाही, हे जसंच्या तसं लिहिलं. पुढच्या सत्रात दर आठवड्याला एक तरी शंका लिहून पाठवीन, असंही लिहिलं. वाचताना मान खाली जात होती, पण खोटं त्यात काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी लायब्ररीतल्या संगणकावरून सव्वाअकराला ईमेल पाठवली. वरती समितीचं नाव, खाली दोन ओळी, सोबत अपिलाची फाईल. पाठवून झाल्यावर सहज म्हणून गेलेली ईमेल उघडली आणि फाईल उघडली.

पहिल्याच ओळीत ‘रिस्पेक्टेड सर्स’ होतं.

मी बुधवारची फाईल जोडली होती. दोन्ही फाईलींची नावं जवळजवळ सारखी होती, एकीच्या शेवटी नुसता दोनचा आकडा. आता समितीपुढे एकाच वेळी दोन मायने जाणार होते, ईमेलमध्ये बरोबर आणि फाईलमध्ये चुकीचा. आणि त्याहून वाईट म्हणजे आजारपणाचा तो गुळमुळीत मजकूर जाणार होता. खरी गोष्ट माझ्या पेन ड्राइव्हवर राहणार होती.

लायब्ररीच्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. पुन्हा पाठवलं तर धांदरटपणा दिसणार. नाही पाठवलं तर सगळं गेलंच. माझी बोटं कळफलकावर होती आणि हलत नव्हती. बारावी ईमेलही मसुद्यात पडून राहणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं. मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन काकूंच्या ऑफिसात फोन लावला. त्या बैठकीत होत्या. दुसऱ्यांदा लावला तेव्हा आल्या. मी घाईघाईने सगळं सांगितलं.

“नियमात लिहिलं आहे का, की एकदाच पाठवायचं?”

मी म्हटलं, नाही, फक्त बारापर्यंत.

“मग पाठव. आधीची फाईल चुकून गेली, कृपया ही वाचावी. सॉरी एकदाच म्हण. तीनदा म्हणू नकोस, आपल्याला सवय असते. फोन ठेव आता.”

आत परत येईपर्यंत माझ्या संगणकावर दुसरा विद्यार्थी बसला होता. मी त्याला म्हणाले की माझी मुदत बाराची आहे. माझा चेहरा पाहून तो लगेच उठला. पुन्हा लॉग-इन. पुन्हा समितीचा पत्ता. ‘डिअर मेंबर्स ऑफ द’ आणि पूर्ण नाव. या वेळी मायना पाच सेकंदांत लिहून झाला, त्यावर अडायला वेळच नव्हता. फाईल जोडली, उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. अकरा सत्तेचाळीसला पाठवली.

त्यानंतर अकरा दिवस काहीच आलं नाही. काका थट्टा करायचे थांबले, तेव्हा मला त्यांचीही काळजी कळली. मी बॅगेतले हिवाळी कपडे वेगळे काढून ठेवले, कोणाला तरी देता येतील म्हणून.

बाराव्या दिवशी सकाळी ईमेल आली. खाली सही नव्हती, फक्त ऑफिसचं नाव. सुरुवात ‘डिअर मिस्टर’ आणि पुढे माझं आडनाव.

पहिला विचार आला तो हा, की ही माझी नाहीच. माझ्या आडनावाचा कोणी मुलगा असेल, त्याचंही अपील असेल, त्याची ईमेल चुकून माझ्याकडे आली. खालची ओळ वाचली, पुन्हा प्रवेश मंजूर, एक सत्र निरीक्षणाखाली राहण्याच्या अटीवर. ते वाक्य माझ्यासाठी आहे असं मला मानवेना. मी काकूंना हाक मारली. त्यांनी पत्रातला विद्यार्थी क्रमांक बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, वाच मोठ्याने. मी वाचला. माझ्या ओळखपत्रावरचा काढून ताडून पाहिला. एकेक आकडा. माझाच होता.

अटीत लिहिलं होतं: दर आठवड्याला कोर्सच्या पत्त्यावर निदान एक प्रश्न लेखी पाठवावा, अपिलात म्हटल्याप्रमाणे. म्हणजे त्यांनी दुसरी फाईल वाचली होती.

“मिस्टर,” काकू म्हणाल्या, “आता चहा टाका.”

मंजुरी स्वीकारल्याचं उत्तर पाठवायचं होतं. त्यात मी मिस्टर नसल्याचं लिहावं की नाही, याचा थोडा वेळ विचार केला. माझं नाव त्यांनी कधी ऐकलंच नसेल. समोर कोण आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी जे मनात आलं ते धरलं होतं, अगदी माझ्यासारखंच. मला राग आला नाही. हलकं वाटलं.

मायन्यात ऑफिसचं नाव लिहिलं. आभार मानले, अट मान्य केली. शेवटी एक ओळ घातली, की आपल्या नोंदीत माझ्या नावापुढे मिस्टर आहे, ते कृपया दुरुस्त करावं. चहा उकळत होता. मी ईमेल पाठवली, मसुद्यात न ठेवता.