दोनशेचा ड्रम

कासूच्या काशीबाई रोज पहाटेची गाडी धरून पेणला यायच्या. कृष्णाबाईंच्या चिवड्याच्या कारखान्याचं कुलूप त्यांनीच उघडायचं, हे पहिल्यापासून ठरलेलं. दोघी तरुणपणी एकाच मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायच्या. मिठागर बंद झालं तेव्हा कृष्णाबाईंच्या पडवीत एका कढईवर त्यांनी पोह्याचा चिवडा तळायला घेतला. पुढे पडवीचा कारखाना झाला, हाताखाली बायका आल्या. नाव कृष्णाबाईंचं होतं, तळणीची चव मात्र काशीबाईंची. तेल तापलं की नाही हे त्या नुसत्या वासावरून सांगायच्या.

शेंगतेलाचा ड्रम रोह्याच्या सुशील नावाच्या व्यापाऱ्याकडून यायचा. सगळे त्याला ‘दोनशेचा ड्रम’ म्हणायचे. सील काशीबाई फोडायच्या आणि हातपंपाने तेल डब्यांत काढायच्या. ते कधी कुणी मोजलं नव्हतं.

मग कृष्णाबाईंची सून नम्रता कारखान्यात लक्ष घालू लागली. तिने मोठा इलेक्ट्रिक काटा आणला. एका सकाळी तिने भरलेले सगळे डबे काट्यावर चढवले आणि रिकाम्या डब्यांचं वजन वजा केलं. तेल भरलं एकशे एक्याऐंशी किलो आणि वर थोडं. पुढचा ड्रम आला, तोही काशीबाईंनीच डब्यांत काढला, आणि पुन्हा तेवढंच भरलं. तेव्हा तिने सासूला बाजूला घेतलं.

“आई, दर ड्रमला एकोणीसेक किलो तेल कमी येतंय. सील मावशी फोडतात. किल्ली पण त्यांच्याकडंच असते.”

संध्याकाळी बायका गेल्यावर कृष्णाबाई काशीबाईंजवळ आल्या.

“काशे, उद्यापासून किल्ली नम्रताकडं राहू दे गो.”

“का?”

“तेल कमी भरतंय. दोनशेतलं.”

कमी का भरतंय, ते काशीबाईंनाही सांगता येईना. हीच गोष्ट त्यांना सगळ्यात लागली. हातात काही पुरावा नव्हता, नुसता स्वतःचा शब्द होता.

“मी थेंब नाय नेला गो.”

कृष्णाबाईंनी मान खाली घातली. “मी काय म्हणतेय का तसं,” त्या म्हणाल्या, पण हात पुढे केलेलाच होता. काशीबाईंनी कनवटीची किल्ली काढून त्या हातावर ठेवली आणि पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. कासूत मात्र कारखान्यातल्या बायकांच्या तोंडून बातमी त्यांच्या आधी पोचली होती, की काशीनं तेल चोरलं. बायका पाणवठ्यावर बोलता बोलता थांबायच्या. काशीबाईंनी पाण्याला उन्हाचं जायला सुरुवात केली.

पुढचा ड्रम नम्रताने स्वतः उघडला आणि तेलही स्वतः काढलं. वजन केलं. एकशे एक्याऐंशी किलो आणि वर थोडं.

तिने तिथूनच सुशीलला फोन लावला.

“अहो वहिनी, ड्रम दोनशे लिटरचा हाय. लिटर, किलो नाय,” सुशील म्हणाला. “तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. पाण्याचा एक लिटर म्हणजे किलो, शेंगतेलाचा नऊशेदहा ग्रॅमच्या आसपास. दोनशेला गुणा, एकशे ब्याऐंशी होतात. थोडं ड्रमला आतून चिकटून राहतं. ड्रमवर लिहिलंय की.”

नम्रताने ड्रम फिरवून बघितला. भिंतीकडच्या बाजूला लिहिलेलं होतं. तिने सासूला सांगितलं तेव्हा तिला रडू आवरेना. कृष्णाबाई रडल्या नाहीत. पायात चपला घालून त्या तशाच रिक्षा करून कासूला गेल्या.

काशीबाई अंगणात सुकट निवडत होत्या. कृष्णाबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, लिटरचं, किलोचं.

“आमाला ठाऊक नव्हतं गो काशे. कुनालाच ठाऊक नव्हतं.”

“व्हय. मला पण ठाऊक नव्हतं,” काशीबाई म्हणाल्या. त्यांनी सुपलं बाजूला ठेवलं. “बसा तुम्ही. चाय टाकते.”

कृष्णाबाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. मिठागरापासून या बाईने त्यांना कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

“काशे, मला शिव्या दे. पण असं नको बोलू.”

“शिव्या कशाला?” काशीबाईंचा आवाज शांत होता. “तेलाचं वजन कुनाला ठाऊक नव्हतं, ते खरं हाय. पण तुमी मला तर वळखत होतात.”

चहा आला, बशीवर ठेवलेल्या कपातून, पाहुण्याला देतात तसा. कृष्णाबाईंनी तो संपवला. जाताना त्यांनी आळीतल्या बायकांना बोलावून सांगितलं, की काशीनं काही नेलं नव्हतं, चूक आमची होती. बायकांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाली, “आमाला वाटलंच होतं.” काशीबाई दारात उभ्या राहून ते ऐकत होत्या. मग त्या आत गेल्या.

पुढेही कृष्णाबाई दोनदा-तीनदा जाऊन आल्या. दर वेळी चहा मिळाला. काशीबाई पेणला परत कधी आल्या नाहीत. चिवडा आता नम्रता करते. गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. कृष्णाबाई मात्र तळणीच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, आणि तेलाचा टेंपो आला की उठून मागच्या दारी जाऊन बसतात.