पट्टी कोण वाचणार

आमचे भाऊजी टीव्ही बसवतात. मी व्हॅन चालवतो, खोकी उचलतो आणि त्यांची बोलणी खातो. ताईचं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यावर बसलाय, आणि गेली अकरा वर्षं तर पगारी बसलाय.

काम मात्र चोख. स्टँड ठोकला की आधी लेव्हल लावणार, वायरी मागून बांधून घेणार, आणि शेवटी रिमोटवरचं माहितीचं बटण दाबणार. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी उमटते. आत येणारं चित्र खरंच किती ठिपक्यांचं आहे, सेकंदाला किती वेळा बदलतंय म्हणजे किती हर्ट्झ, उजेड-अंधार खुलवणारं एचडीआर चालू आहे की नाही, हे ती सांगते. "खोक्यावर टीव्हीची ऐपत लिहिलेली असते," भाऊजी प्रत्येक घरात सांगतात, "त्याच्या वाट्याला खरं काय येतंय ते पट्टीवर." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

अलीकडे मात्र पट्टी ते स्वतः वाचत नसत. गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावत. लोकांना ते फार आवडायचं, केवढा सचोटीचा माणूस म्हणून. गिऱ्हाईक वाचणार, भाऊजी मान डोलावणार, फॉर्मवर आकडे आणि सही. मलाही अभिमान वाटायचा. गाढव होतो मी.

त्या दिवशी सकाळी आम्ही एका निवृत्त बस ड्रायव्हरकडे गेलो. दुसरा मजला, जिना अरुंद, आणि भाऊजी खालून ओरडतायत, "मेहुणेबुवा, कोपरा सांभाळा." खोकं माझ्या खांद्यावर, कोपरा मी काय पायाने सांभाळणार होतो? ड्रायव्हर एकटेच राहत. गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळण्यासाठी त्यांनी कन्सोल घेतला होता, आणि आता त्याच्यासाठी हा टीव्ही. बायको गेल्यापासून दिवस जात नाही, म्हणाले. बाकी घरात सगळं जागच्या जागी होतं, चपलासुद्धा रांगेत.

टीव्ही लागला. कन्सोलची वायर बरोबर त्याच सॉकेटमध्ये लावली, जिथे एकशेवीस हर्ट्झ चालतं. कन्सोलच्या सेटिंगमध्ये एकशेवीस आणि एचडीआर मी माझ्या हाताने चालू केलं. मग भाऊजींनी टीव्हीचा मेन्यू उघडला. त्या सॉकेटला 'स्टँडर्ड'वरून 'एन्हान्स्ड'वर न्यावं लागतं, नाहीतर टीव्ही कन्सोलला आपली पूर्ण ताकद सांगतच नाही. भाऊजींची बोटं रिमोटवर टकटक चालली, खाली, खाली, खाली, ओके. स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हते. मला वाटलं, काय हात बसलाय.

गेम सुरू झाला, डोंगरातला रस्ता दिसू लागला. चित्र झकास होतं. मी तर तिथेच पास करून टाकलं असतं. भाऊजींनी माहितीचं बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "वाचा साहेब, मोठ्याने."

"तुम्ही वाचा," ड्रायव्हर म्हणाले. फॉर्म त्यांच्या मांडीवर होता, पेन हातात. "मी लिहून घेतो. काम तुमचं, तर वाचायचंही तुम्हीच."

भाऊजी टीव्हीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "तीन हजार आठशे चाळीस गुणिले दोन हजार एकशे साठ. एकशेवीस हर्ट्झ. एचडीआर."

मी पट्टीकडे बघत होतो. तिथे साठ हर्ट्झ होतं, आणि एचडीआरच्या जागी एसडीआर, म्हणजे साधं चित्र. पहिला आकडा तेवढा खरा होता.

आधी वाटलं, हा माणूस गिऱ्हाइकाला फसवतोय. अकरा वर्षांत कधी नाही ते आज. मग त्यांचा चेहरा पाहिला. ते पट्टीच्या कोपऱ्याकडे बघतच नव्हते. पट्टी डाव्या कोपऱ्यात होती आणि त्यांची नजर स्क्रीनच्या मध्यावर.

ड्रायव्हरांनी काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"कशाला?" भाऊजी म्हणाले.

"डोळ्यांना दिसेनासं झाल्याला."

गेममधल्या गाडीचं इंजिन वाजतच होतं. मी रिमोट घेऊन आवाज बंद केला.

"माझ्या डेपोत दरवर्षी डोळे तपासायचे," ड्रायव्हर म्हणाले. "मी तो अक्षरांचा तक्ता पाठ केला होता. दोन वर्षं पास झालो. तिसऱ्या वर्षी एका वळणावर गाडी कठड्याला घासली. मागे चाळीस माणसं होती. कोणाला खरचटलंही नाही. पण मला ती चाळीस माणसं अजून दिसतात. तुम्ही वाचलंत ना, ते मीच वाचल्यासारखं वाटलं."

भाऊजी सोफ्याच्या हातावर बसले. गिऱ्हाइकाच्या घरात ते कधी बसत नाहीत.

"आठ महिने," ते म्हणाले. "सगळं धुक्यासारखं दिसतं. मेन्यू पाठ आहेत म्हणून चालून जातं. दुकानाला कळलं तर घरी बसवतील. आणि हिला काय सांगू?"

हिला म्हणजे माझ्या ताईला. मला असा राग आला की काय सांगू. त्यांच्यावर आला, आणि त्याहून जास्त स्वतःवर. रोज शेजारी बसवून फिरवतो या माणसाला, आणि मला पत्ता नाही. एवढ्यात दोनदा त्यांनी चहा कपाबाहेर ओतला होता आणि मी त्यावर विनोद केले होते.

मी मेन्यू उघडला. टीव्हीने लावल्या लावल्या नवं अपडेट घेतलं होतं आणि त्यात यादीत एक ओळ वाढली होती. भाऊजींनी मोजून तीनदा खाली दाबलं होतं; हवी ती ओळ आता चौथी होती. तिसरीवर दाबून त्यांनी टीव्ही आपोआप बंद व्हायची वेळ बदलून ठेवली होती. मी ती पूर्ववत केली आणि सॉकेट 'एन्हान्स्ड'वर नेलं. स्क्रीन दोन सेकंद काळी झाली, चित्र परत आलं. मी माहितीचं बटण दाबलं. एकशेवीस हर्ट्झ, एचडीआर. आकाशातला सूर्य खरोखर डोळ्यावर आला.

"आता सही करा," मी ड्रायव्हरांना म्हणालो.

"नाही. हे स्वतः वाचतील तेव्हा करीन." त्यांनी फॉर्म घडी करून खिशात टाकला. "दुकानातून फोन आला तर सांगेन, मला वेळ नाही. तसा माझ्याकडे वेळच वेळ आहे."

व्हॅनमध्ये मी ताईला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि फोन भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी सांगितलं. ताई म्हणाली, "तांदूळ निवडून देता तुम्ही, आणि भातातले खडे मी उगाच माझ्या नावावर घेत होते तर." मग रडली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दुकानाने ऑपरेशनसाठी महिन्याभराची रजा दिली, घरी कोणी बसवलं नाही. भाऊजी परत आल्यावर आम्ही त्या आठ महिन्यांतल्या घरांमध्ये पुन्हा गेलो. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकानेच वाचलं होतं, त्यामुळे काम बरोबर निघालं. दोन घरांत सेटिंग चुकलेलं होतं. भाऊजींनी तिथे कारण सांगितलं आणि माफी मागितली.

ड्रायव्हरांचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ड्रायव्हरांनी गेम लावला, बटण दाबलं आणि फॉर्म मांडीवर उघडला. भाऊजी दारातच उभे होते, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"तीन हजार आठशे चाळीस गुणिले दोन हजार एकशे साठ," ते म्हणाले. या वेळी आवाज खणखणीत नव्हता. "एकशेवीस हर्ट्झ. एचडीआर." मग थांबले. "आणि साहेब, त्या कोपऱ्यात केवढी धूळ आहे. पुसत नाही का?"

ड्रायव्हरांनी पेनाचं टोपण काढलं आणि आधी आकडे लिहिले, मग सही केली.