शकूचा वाढदिवस पुढे नेताना

चैत्र निम्मा सरला की आमच्या गोंदियाच्या वाऱ्याला मोहफुलांचा वास येतो. देवरीकडच्या रानातून तो कसा आणि किती दूर चालत येतो, कोण जाणे! गोड, किंचित आंबूस, उन्हाने जड झालेला. त्या वर्षी तो पहाटे खिडकीतून आत आला आणि मला वाटले, निसर्गाला कुणाच्या सुतकाशी काय कर्तव्य? मागच्या श्रावणात माझ्या शकूची आई गेली. घरातली पुस्तके, भांडी, दोरीवरची वस्त्रे, सारी जणू हलक्या पावलांनी वावरत होती; आणि मोह मात्र नेहमीसारखाच फुलला होता.

शकूचा जन्म चैत्र वद्य पंचमीचा. आईच्या आजारपणात तिची शाळा बुडाली, म्हणून ती तिसरीत राहिली आणि तिच्या साऱ्या मैत्रिणी चौथीत गेल्या. मधल्या सुटीत त्यांच्या वर्गाच्या दाराशी ती उभी राही, हे मला तिच्या बाईंनी सांगितले होते. दुःख मोठ्या माणसांना वाकवते. मुलांना ते नुसतेच एक इयत्ता मागे ठेवते! म्हणून मी ठरवले, वर्षाच्या आतले मंगल कार्य नको, पण मैत्रिणींना बोलावून खीर-पोहे करायला कोणते शास्त्र आड येते? पंचांग पाहिले, पंचमी मंगळवारी होती. शकूने शाळेत तोंडीच आमंत्रणे दिली आणि सगळ्यांच्या घरून होकार आला. एकाही घराने नकार दिला नाही, याचे मला केवढे समाधान वाटले!

पण पंचांग आणि शाळेचे वेळापत्रक ही दोन निरनिराळ्या आकाशांची गणिते. मी हायस्कुलात शिकवणारा. चौथीच्या परीक्षेची मला खबर नव्हती. जेवताना शकू सहज म्हणाली, "सुगंधा पेपर देऊन सरळ आपल्याकडंच येणार आहे, बाबा. दुसऱ्या दिवशीचं तोंडी पाठ ती इथंच करीन म्हणाली." माझा घास हातातच राहिला. मंगळवारी चौथीचे लेखी पेपर, बुधवारी तोंडी परीक्षा. खेड्यांतली मुले केंद्राच्या शाळेत येणार, आदल्या दिवशी नातलगांकडे उतरणार. आणि तरीही सारी आईबापे 'येतो' म्हणाली होती. का? दुःखाच्या घरचे बोलावणे मोडायचे नाही, ही आमच्याकडची रीत. त्या मायेचे ओझे चिमुकल्या परीक्षार्थींच्या डोक्यावर ठेवून मी खीर वाढणार होतो!

पुढे ढकलणे भागच होते; पण ढकलायचे कुठे? शकूला विचारले, तर तिचे डोळे भरून आले. "परीक्षा झाली की त्या मामाच्या गावाला जातील. मग पुढच्या शाळेत. मग कशाला येतील?" तेव्हा कळले, उशीर हाही एक नकारच असतो. मी त्यांच्या गुरुजींना गाठले. मुले जास्त असली तर तोंडी परीक्षा गुरुवारी सकाळपर्यंत लांबते, असे त्यांनी सांगितले. बहुतेक मुले शनिवारच्या गाड्यांनी गावाला निघतात, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणजे उरला शुक्रवार. ऊन उतरल्यावर मुलांनी यावे आणि सुगंधाच्या गावच्या, मुर्रीच्या वाटेवर अंधार पडण्याआधी घरी पोचावे. मंगळवारी तिथीला सकाळी शेजारच्या काकू घरच्या घरी औक्षण करतील. तिथी जागची हलणार नव्हती. हलणार होता तो केवळ खिरीचा वाडगा. हे ऐकून शकू हसली नाही, पण जेवली.

मग मी चिठ्ठी लिहायला बसलो. पुस्तकांत वाढलेल्या माणसाची ती चिठ्ठी! 'काही अपरिहार्य कारणास्तव मंगळवारचा योजिलेला समारंभ स्थगित करणे प्राप्त झाले आहे. पुढील दिवस यथावकाश कळवू.' नवा दिवस मुलांच्या घरी विचारून मग लिहावा, असा माझा सावध विचार. वर्षश्राद्ध व्हायचे असल्याने कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावावे की नाही, या संकोचात ते लावलेच नाही. पहिली चिठ्ठी सकाळच्या दूधवाल्याबरोबर मुर्रीला सुगंधाच्या घरी धाडली.

तासाभराने सुगंधाची आई पार्बताबाई दारात! पदर खांद्यावर, पायांवर बांधावरची धूळ, श्वास लागलेला.

"मास्तर, पोरगी कुठी हाय?"

"आत्ताच शाळेत गेली. का हो?"

"बरी हाय ना?"

"अगदी बरी आहे."

ती मटकन ओट्यावर बसली आणि मग जी पेटली! "असी चिठ्ठी धाडतेत का कोणी? कोपऱ्याले हळद नाही, कुंकू नाही, कोराकरकरीत कागद! सुगंधा वाचून राहिली होती न माया हातापायाचा पाणी झाला. मी म्हटली, पोरीले ताप आला, का देवी निंगाल्या! चुलीवर भात तसाच सोडून आली मी. करपला असल आता. तुमीच खा तो!"

मी कारण सांगितले. ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "मंग असाच लिवा ना! परीक्षा हाय म्हून पुढे नेला. कायले लपवता? आमी का आंगावर येतो?"

"पण तुम्हीही कुठे बोललात, परीक्षा आहे म्हणून?"

"तुमाले कसा नाही म्हणाव, मास्तर?" ती हळू म्हणाली. आणि मग आम्ही दोघेही हसलो. त्या ओट्यावर कितीतरी महिन्यांनी कोणी हसले होते.

शिष्टाचाराची भाषा किती वेळा भयाचे वस्त्र पांघरून जाते! दुःखाच्या घरून आलेल्या कागदाचा पहिला शब्द कुशलाचाच हवा, हे मला सुचू नये? मी नवा कागद घेतला. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावले आणि लिहिले: 'घरी सर्व कुशल आहे, शकूची प्रकृती उत्तम आहे. तिच्या वाढदिवसाला मंगळवारी बोलावले होते, त्याऐवजी येत्या शुक्रवारी ऊन उतरल्यावर मुलांना पाठवावे. मंगळवारी चौथीची परीक्षा आहे; मुलांनी ती निश्चिंत मनाने द्यावी. अंधारापूर्वी मुलांना घरी पोचवू. शुक्रवारी अडचण असेल तर मोकळेपणाने सांगावे, आम्हांस वाईट वाटणार नाही. शकू वाट पाहत आहे.' शेवटचे वाक्य तिने स्वतःच्या हाताने लिहिले.

या वेळी चिठ्ठ्या कुणाबरोबर पाठवल्या नाहीत. घरोघर मीच गेलो. एकालाही निरोप चुकला असता, तर ते मूल मंगळवारी नवे कपडे घालून आमच्या दारात उभे राहिले असते. श्रावणानंतर मी कुणाच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले नव्हते. वाचता वाचता प्रत्येकाचे खांदे कसे सैल होत, ते मी पाहिले. कुणी चहा दिला, कुणी नुसतेच "बरं केलं जी" म्हटले. एका घरच्या आजोबांनी तर हातच जोडले: "नात परीक्षा सोडून खीर खायाले निंगाली होती. वाचवलं तुमी!"

शुक्रवारी साऱ्याजणी आल्या. पेपरातली गणिते, तोंडी परीक्षेत फळ्यापाशी दातखीळ बसलेला कुणी मुलगा, साहेबांच्या मिशा, सगळे एकदम सांगायचे होते त्यांना. आणि शकू त्यांच्या मधोमध बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विचारत होती, जणू पुढच्या वर्षीची आपली परीक्षा आत्ताच देऊन टाकावी. खिरीचे पातेले रिकामे झाले. उन्हे कौलांवरून उतरली.

मी मुलींना पोचवायला निघणार, तोच पार्बताबाई बैलगाडी घेऊन आली. सुगंधाला हाताला धरून वर चढवता चढवता ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "पुढच्या साली सुट्टी लागल्यावरच धरजा जी, मास्तर. आंबेबी येतेत तवा."

गाडी हलली. पुढच्या साली! त्या घरात पुढच्या वर्षाचा उच्चार श्रावणापासून कोणी केला नव्हता, मीही नाही. तिने तो असा सहज केला, जसे कुणी उद्याचे दूध सांगावे. शकू फाटकावर चढून हात हलवत होती, आणि मी तिला खाली उतर म्हणालो नाही.