एकशे पाचातले माझे किती?

घरीच हळद दळून विकायचा धंदा काढायचा, पाकिटावर एकशे पाच रुपये छापायचे असं ठरलं आणि मी अंदाजपत्रकात जमेलाही एकशे पाचच धरले. नफा इतका गोड दिसत होता, की आर्वीहून वर्ध्याला कर सल्लागार ताईंकडे मी खुशीतच गेले.

त्यांनी विचारलं, "गिऱ्हाईक कुठलं?"

"आर्वीचं. अन् हैदराबादले बहिणीच्या ओळखीचे, त्यायले पार्सल करीन."

"म्हणजे माल राज्याबाहेर जाणार. मग जीएसटीची नोंदणी आलीच. एकशे पाचातले पाच सरकारचे, तुमचे शंभर."

जन्मभर पाकिटं उलटून किंमत वाचली, पण कर तिच्यातच असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मला गंमतच वाटू लागली. मी विचारत गेले, ताई सांगत गेल्या: अन्न परवाना, पाकीटबंद मालाची नोंदणी, हळदीची तपासणी, विवरणपत्रं भरायची त्यांची स्वतःची फी. हळद दळायच्या यंत्रावर भरलेला कर मात्र मी उगाच खर्चात धरला होता. तो विक्रीच्या करातून वळता होणार होता. तरीही नफा निम्म्यावर आला.

घरी सासूबाईंना सांगितलं, की वजनकाटाही दरवर्षी सरकारकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि त्याचेही पैसे पडतात.

"आपला काटा खोटा हाय का?"

"नाई जी, आई."

"मंग खरं असाचे पैसे काऊन?"

मी अंदाजपत्रक उघडलं. खरं असण्याचा खर्चही धरला.