एका ओळीतले बारा हजार

कवठे महांकाळच्या बाजारात दादासोंचं घोंगड्यांचं दुकान आहे. त्या सकाळी बिराप्पा मेंढकेनं देवाच्या गादीवर घालायला दोन घोंगडी घेतली, बिल हातात घेतलं आणि तो मोठ्यानं हसला.

"आवं दादासो, घोंगडी इकताय का जमीन?"

"का रं?"

"दोन लाख बारा हजार लिवलंय की हितं! आन खाली एकूण बारा हजार. खरं कंचं धरायचं?"

दादासोंनी चष्मा लावला. नग दोन, रक्कम बारा हजार. पण दोन्हींच्या मधली जागाच नाहीशी झाली होती. दोनचा आकडा बाराला जाऊन चिकटला होता. त्यांनी पेनानं मधे रेघ ओढली आणि माफी मागितली. "तसं कागुद नगं, देवाच्या पैशाचा हिशेब पंचाला दावायचा हाय," असं म्हणून बिराप्पानं ते बिल परत दिलं. "सांजच्याला येतो, नीट करून ठेवा."

दादासो खुर्चीत बसले, आणि मग त्यांना आठवलं.

बिलाचा प्रोग्राम त्यांच्या लेकीनं, उत्कर्षानं केला होता. सांगलीला कॉलेजात होती तेव्हा सुट्टीत आली, आणि याच काउंटरवर बसून चौकटीच्या वहीत एकेक अक्षर मांडत राहिली. "आबा, तुमच्या या छोट्या प्रिंटरच्या कागदावर एका ओळीत बत्तीसच अक्षरं बसतात. मोकळी जागासुद्धा अक्षरच धरायची. तेहतिसावं झालं की खालच्या ओळीत पडतं." मालाचं नाव इंग्रजी अक्षरांत, एकोणीस घरं. नगाला चार, कारण लोकर साडेबारा किलोही जायची, म्हणजे १२.५. रकमेला आठ, टिंब आणि पैशाचे दोन आकडे धरून. आकडे उजव्या कडेला टेकवायचे, कमी पडतील तेवढ्या जागा डावीकडं मोकळ्या सोडायच्या. म्हणजे एककाखाली एकक येतं.

"एकोणीस, चार, आठ. एकतीस झाले की गं."

"बत्तिसावं माझं," ती म्हणाली. नावानंतरच्या विसाव्या घरात तिनं प्रत्येक ओळीत एक इंग्रजी यू घातला. उत्कर्षाचा यू. सगळ्या बिलावर वरून खाली यूंची सरळ रांग. गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा दादासो "मालाचा दर्जा हाय तो" म्हणून सांगायचे, आणि ती आत तोंड दाबून हसायची.

"आन रक्कम दहा हजारावर गेली तर?"

"आठही घरं भरतील, मग नग आणि रक्कम चिकटतील. पण आबा, एका ओळीत दहा हजाराचा माल कवा इकणार तुमी? ज्या दिवशी इकाल, त्या दिवशी मला फोन करा. घर वाढवून देते."

दोन वर्षांमागं डेंग्यूनं चार दिवसांत ती गेली.

दुपारी विश्वजित आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तिच्याच वर्गातला. त्यानं प्रोग्राम उघडला आणि एकेक घर मोजलं.

"काका, रकमेला नऊ घरं पाहिजेत. एक कुठून तरी काढायला लागंल."

"पैशाची दोन शून्यं काढ."

"करामुळं पैसे येतात काका. ते न्हाई काढता येत."

"नगाचं?"

"लोकर अडंल." तो खाली बघत म्हणाला, "यू ठेवू आपण. एक घर आत सरकवतो. नावाला अठरा राहतील. एकच नाव तुटतंय."

"कंचं?"

"घोंगडी हरणाबाईची."

हरणाबाई म्हणजे दादासोंची आई. ती विणायची त्या काठाची घोंगडी. ते नाव एकोणीस घरांत बसेपर्यंत उत्कर्षानं तीनदा खोडून लिहिलं होतं. शेवटी बसलं तेव्हा आजीच्या फोटोला ती वही दाखवून आली होती.

दादासोंनी गल्ल्याखालचा पत्र्याचा डबा काढला. तिनं छापलेलं पहिलं बिल त्यात जपून ठेवलं होतं. उलगडलं. कागद कोरा होता. अगदी कोरा. त्यांनी तो उजेडाकडं धरला, उलटा करून पाहिला.

"उष्णतेनं छापतं ते, काका," विश्वजित हळूच म्हणाला. "शाई नसते. जातं उडून."

म्हणजे यू राहिला होता तो रोजच्या नव्या बिलांवरच.

"आजीचं नाव तिनं मापून बसवलंय," दादासो म्हणाले. "ते तोडू नगं. यू काढ."

"काका, परत इचार करा."

"काढ रं बाबा."

विश्वजितनं एक घर पुसलं, रकमेची नऊ केली. प्रिंटर खरखरला. हरणाबाईचं नाव अख्खं होतं. नगाचा दोन आणि रकमेचे बारा हजार यांच्यात एक जागा मोकळी होती. बिराप्पाला बोट ठेवून वाचावं लागणार नव्हतं.

विश्वजित पैसे न घेताच निघाला.

सकाळचं चुकीचं बिल काउंटरवर पडलं होतं. दादासोंनी त्यावरच्या यूवर बोट ठेवलं. मग फोन काढला. तिचा नंबर अजून होता त्यात. तो नुसता बघितला, आणि फोन खिशात घातला.

"इकला गं, पोरी," ते म्हणाले.

बिलाची घडी करून त्यांनी ती डब्यात, त्या कोऱ्या कागदाशेजारी ठेवली, आणि ऊन लागू नये म्हणून डबा पार आत सारला.