काम संपल्यावरचं कलम

मी लिहावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही, आणि लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसायची माझी तयारीही नाही. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. चूक झाली तर दाखवायला घरी कुणी नाही. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. तरी लिहितो, कारण ज्या कागदापायी हे सगळं घडलं तो मी टाइप केला होता, आणि त्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असताना दुपारनंतर मी परभणीत एका वकील सरांच्या ऑफिसात बसायचो. पेडगावचे आमचे एक काका एक दिवस तिथं आले. तीस वर्षं डाळमिलांवर मिस्त्री म्हणून राबलेले, आणि आता सल्ला देणारे. डाळ जास्त तुटते, चुरी जास्त निघते, असं कुठल्या मालकाला वाटलं की काकांना बोलावणं यायचं. एमआयडीसीतल्या एका शेठनं त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं. तीन पानी करारनामा त्यांच्या हातात होता.

"वाच रे," काका म्हणाले. "मला सातव्या कलमाला घाम फुटायलाय."

कलम सात गुपिताचं होतं. मिलमध्ये काकांनी पाहिलेली, ऐकलेली, वापरलेली "सर्व माहिती व तंत्र" शेठच्या मालकीचं. ते कुणालाही सांगायचं नाही, कुठंही वापरायचं नाही. किती दिवस? "कायमस्वरूपी, वारसांस व वंशजांस बंधनकारक." करार लिहिणाऱ्यानं जन्मभर जमिनीची खरेदीखतं लिहिली होती, तेच वाक्य उचलून इथं ठेवलं होतं.

सर हसले. मीही हसलो. काका हसले नाहीत.

"म्हंजे माझ्या पोरानं बी डाळीचं नाव काढायचं न्हाई?"

मग सरांनी शेवटचं पान दाखवलं. तिथं लिहिलं होतं, मुदत संपताच करारातील सर्व अटी संपुष्टात येतील. म्हणजे एका पानावर गुपित जन्मोजन्मीचं, दुसऱ्यावर सहा महिन्यांत खलास. मी घाबरत घाबरत म्हणालो, "सर, हे असंच राहू द्यावं का? काम संपलं की काका मोकळे."

"आणि शेठ म्हणेल सातवं कलम खरं. मग वर्षानुवर्षं कोर्टात बस. जे टिकवायचंय ते टिकेल असं लिही, जे टिकवायचं नाही त्याला बाहेर काढ. लिही तू."

काका म्हणाले, "त्याची गिऱ्हाइकं, त्याचा भाव, माल कुठून घेतो, ते मी कुणाला सांगणार न्हाई. तेवढं त्याचं हाय. पण तुरीला पाणी किती मारायचं हे त्यानं मला शिकवलं का?"

त्यांच्या या एका वाक्यावर मी ते कलम बांधलं. करार कसाही संपला तरी कलम सात चालू राहील, हे मुदतीच्या कलमातही लिहिलं. काम संपल्यापासून दोन वर्षं. भाव आणि गिऱ्हाइकं हंगामागणिक बदलतात, त्याहून जास्त कशाला? मग बाहेर ठेवायच्या गोष्टी: काकांना आधीपासून माहीत असलेलं, त्यांच्या चुकीशिवाय जगजाहीर झालेलं, दुसऱ्याकडून रीतसर कळलेलं, शेठची माहिती न वापरता स्वतः शोधलेलं, आणि हाताला असलेलं कसब. कोर्टानं किंवा सरकारनं मागितलं तर द्यायचं, पण शक्य असेल तर शेठला आधी कळवून.

मिलच्या ऑफिसात आम्ही बसलो तेव्हा शेठनं कागद दोन बोटांनी धरला.

"हे कुणी लिहिलं? या कॉलेजकुमारानं?" ते माझ्याकडे न बघता बोलले. "मिस्त्री, माझी मशीन, माझी वीज, माझा माल. त्यावर जे कळलं ते माझं."

"शेठजी," काका म्हणाले, "तुमची मशीन बघाया मी आलो तवा चुरी किती निघत होती?"

"तो विषय सोडा."

"मंग मला कशाला बोलावलं, चहा प्यायला?"

हिशेबाच्या वह्यांमागं बसलेल्या मुनीमजींनी तोंडावर रुमाल धरला. माफ करा, असं म्हणून मी बोललो, की सल्लागार आपलं डोकं सोबत घेऊन येतो आणि सोबत घेऊन जातो. आणि काम संपल्यावर धंदाच करू नको ही अट कायद्यात टिकत नाही, मग तिला गुपिताचं नाव दिलं तरी कोर्ट विचारणारच. शेठ म्हणाले, "फार शिकलास." पण दोन वर्षं त्यांनी मान्य केली. फक्त एक ओळ घालायला लावली: आधीपासून माहीत असल्याचा पुरावा लेखी पाहिजे.

मला ती ओळ साधी वाटली. घालून टाकली. संध्याकाळी सरांनी ती वाचली आणि कागद माझ्यापुढं आपटला. "मिस्त्री लोक कधी काही लिहितात का? सगळं हातात असतं त्यांच्या. या एका ओळीनं तू त्यांची तीस वर्षं शेठला देऊन टाकलीस."

मला स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता. ज्या माणसांचं काहीच लिहिलेलं नसतं, त्यांच्यातूनच मी आलो, आणि मीच ते विसरलो.

दोन दिवस मी पेडगावात काकांच्या ओट्यावर बसलो. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. रोलरवर तूर किती खरचटू द्यायची, तेल किती, पाणी किती, किती उन्हं द्यायची, पावसाळी मालाला काय करायचं. "लय बोलायला लावलंस रे," ते म्हणाले. "बायकोला बी इतकं सांगितलं न्हाई." आतून काकू म्हणाल्या, "विचारलंय कुणी?" अकरा पानं झाली. ती कराराला परिशिष्ट म्हणून जोडली: हे सल्लागाराला कामाआधीच माहीत होतं. शेठनं कुरकुरत प्रत्येक पानावर सही केली, आणि मग काम सुरू झालं.

सहा महिने संपले, चुरी कमी झाली. लगेच चारठाण्याच्या एका महिला बचत गटानं काकांना विचारलं, लहान डाळमिल टाकायची आहे, तुम्ही उभी करून द्याल का. काकांना पोराच्या वयाचा उत्साह आला. पुढची दोन वर्षं मिल सांभाळायचंही काम त्यांनाच मिळणार होतं.

आठ दिवसांत शेठची नोटीस आली. कलम सातचा भंग. आणि एक प्रत थेट गटाच्या अध्यक्षबाईंना.

आमचं उत्तर दोन पानांचं होतं. सोबत शेठच्याच सह्यांची अकरा पानं. शेठचं एकही गिऱ्हाईक, एकही भाव काकांनी कुणाला सांगितला नव्हता. सर म्हणाले, "यात त्यांना काही करता येणार नाही." मी त्या वाक्यावर विसंबून राहिलो. कलम बरोबर होतं, तारखा बरोबर होत्या. पण नोटीस पाठवायला कलम बरोबर असावं लागत नाही, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

महिना गेला, दुसरा गेला. मग शेठच्या वकिलांचं एका ओळीचं पत्र आलं: आमचे अशील हे प्रकरण पुढे नेऊ इच्छित नाहीत. मी ते घेऊन पळत बाहेर गेलो आणि काकांना फोन लावला.

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, "बरं झालं, बाबा. पण त्या बायांनी काल लातूरचा मिस्त्री आणला. नोटिशीला भ्यायल्या. त्यांचं काय चुकलं?"